चौकशीचा निकाल कर्मचाऱ्याला लेखी कसा कळवावा

सोलापुरात अक्कलकोट रोड किंवा चिंचोळीच्या एमआयडीसीतल्या कारखान्यात तुम्ही नुकतेच कार्मिक विभागात रुजू झाला आहात असं धरू. पॉश कायद्याखालची, म्हणजे कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखालची एक चौकशी संपली आहे. अंतर्गत समितीचा अहवाल मालकांच्या टेबलावर आला, त्यांनी तो वाचला आणि तुम्हाला बोलावून सांगितलं, "त्याला पत्र काढा." हा लेख त्या पत्राबद्दल आहे.

मी काही वर्षं अशा समित्यांवर बाह्य सदस्य म्हणून बसते. चौकशी नीट होऊनही शेवटचं पत्र बिघडलेलं मी पाहिलं आहे. एका ठिकाणी समितीने तीन महिने मेहनत घेतली, साक्षी नोंदवल्या, बावीस पानांचा अहवाल दिला. कर्मचाऱ्याला गेलेलं पत्र मात्र दोन ओळींचं होतं: "समितीच्या अहवालानुसार आपण दोषी आढळला आहात. आपल्यावर योग्य ती कारवाई करण्यात येत आहे." काय सिद्ध झालं, कोणती कारवाई, कधीपासून, दाद कुठे मागायची, यातलं काहीच त्यात नव्हतं. शिवाय ते निघालं अहवालानंतर अठ्ठावन्नाव्या दिवशी. हा उशीर किती महागात पडतो ते पुढे येईलच.

आधी समजून घ्या: कागद एक नाही, तीन आहेत

पहिला कागद चौकशी चालू असतानाच जातो, आणि नेमका तोच बहुतेक ठिकाणी विसरला जातो. तक्रार करणारी आणि ज्याच्यावर तक्रार आहे तो, असे दोघेही त्याच आस्थापनेचे कर्मचारी असतील, तर समितीने आपल्या निष्कर्षांची प्रत दोघांना द्यायची आणि त्यावर समितीपुढे म्हणणं मांडायची संधी द्यायची, असं कलम ११ सांगतं. म्हणजे निष्कर्ष काढले, सही केली आणि थेट मालकांकडे पाठवले, असं चालत नाही. अहवाल हातात आला की त्यात हे शोधा: निष्कर्षांची प्रत कोणत्या तारखेला दिली, कोणाचं म्हणणं आलं, समितीने त्यावर काय ठरवलं. उल्लेख सापडला नाही तर पत्र लिहायला घेऊ नका, अध्यक्षांना विचारा. हा टप्पा गाळला असेल तर अपिलात पहिलं बोट तिथेच ठेवलं जाईल.

दुसरा कागद म्हणजे समितीचा अंतिम अहवाल. चौकशी पूर्ण झाल्यापासून १० दिवसांत तो मालकांना द्यायचा असतो आणि दोन्ही पक्षांनाही उपलब्ध करून द्यायचा असतो. दुसऱ्या भागाकडे दुर्लक्ष होतं. "अहवाल गोपनीय आहे, त्याला कसा द्यायचा?" असं मला नेहमी विचारलं जातं. गोपनीयता बाहेरच्यांसाठी आहे. ज्याच्यावर आरोप आहे त्याला स्वतःविरुद्धचा अहवाल मिळायलाच हवा.

तिसरा कागद मालकांचा, म्हणजे कारवाईचा आदेश. अहवाल मिळाल्यापासून ६० दिवसांच्या आत मालकांनी शिफारशींवर कारवाई करायची असते. तुम्हाला लिहायचं आहे ते हे पत्र. निष्कर्ष समितीचे आणि कारवाई मालकांची, ही विभागणी पत्रात शेवटपर्यंत जपा. मालकांनी स्वतः नवे निष्कर्ष काढायचे नाहीत. अहवालात नसलेला आरोप पत्रात घुसडायचा नाही. पुन्हा वेगळी खातेनिहाय चौकशीही लावायची नाही. समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या चौकशीचा अहवाल मानायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये मेधा कोतवाल लेले प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

नव्वद दिवसांचं गणित

एक कल्पित प्रकरण घेऊ. टॉवेलचा कारखाना आहे. पॅकिंग विभागातल्या एका महिलेने पर्यवेक्षकाविरुद्ध ६ जानेवारीला तक्रार दिली. तिचे मुद्दे तीन होते. तिने नको म्हटल्यावरही तो रात्री व्हॉट्सअॅपवर मेसेज पाठवत राहिला. पॅकिंगच्या टेबलापाशी इतरांसमोर तो तिच्या शरीराबद्दल बोलला. आणि गोदामात त्याने तिचा हात धरला. चौकशी २० मार्चला संपली, अहवालाची तारीख २७ मार्च, आणि मालकांना तो त्याच दिवशी मिळाला. पहिले दोन मुद्दे सिद्ध झाले, तिसरा झाला नाही.

मालकांना ६० दिवस आहेत, म्हणजे २६ मेपर्यंत. अपिलाची मुदत ९० दिवसांची आहे. पण कलम १८ मध्ये ते नव्वद दिवस शिफारशींपासून मोजायला सांगितले आहेत, मालकांच्या आदेशापासून नाही. २७ मार्चपासून मोजले तर नव्वदावा दिवस २५ जूनला येतो. मालकांनी आपली पूर्ण मुदत वापरून २६ मेला पत्र दिलं, तर कर्मचाऱ्याच्या हातात तीसच दिवस उरतात. तोवर त्याला अहवालही दिला नसेल, तर त्या तीस दिवसांत अहवाल वाचायचा, वकील शोधायचा, अर्ज तयार करायचा. वर दिलेल्या दोन ओळींच्या पत्रात नेमकं हेच झालं होतं. फरक इतकाच की तिथे अपिलाचा शब्दही नव्हता, त्यामुळे मुदत चालू आहे हेच त्या माणसाला माहीत नव्हतं.

म्हणून मी समित्यांना आग्रहाने सांगते की अहवाल मालकांना देता त्याच दिवशी दोन्ही पक्षांना द्या, आणि त्यासोबतच्या पत्रातच अपिलाचा हक्क लिहा. मग मालकांनी आदेशाला महिना घेतला तरी कर्मचाऱ्याचं नुकसान होत नाही. मालकांच्या आदेशात तो हक्क पुन्हा लिहायचा, आणि "९० दिवसांत" असं मोघम न लिहिता तारीख घालायची. आपल्या प्रकरणात "२५ जूनपर्यंत". तारीख लिहिली की मोजणी कुठून करायची हा वाद उरत नाही.

निष्कर्ष लिहिताना

प्रत्येक मुद्द्याचा निकाल वेगळा लिहा. "आरोप अंशतः सिद्ध" हे सर्वांत निरुपयोगी वाक्य आहे, कारण कोणता अंश ते वाचणाऱ्याला कळत नाही. जे सिद्ध झालं नाही तेही तितक्याच स्पष्टपणे लिहा. ते त्याच्या बाजूचं आहे आणि पुढे कोणी त्याला तो मुद्दा चिकटवू नये म्हणून कागदावर हवं. त्यासोबत हेही लक्षात ठेवा: एखादा मुद्दा पुराव्याअभावी सिद्ध झाला नाही, एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही. कायद्याने हे वेगळं सांगितलं आहे. त्यामुळे तिसऱ्या मुद्द्याबद्दल "खोटा आरोप" असा शब्द चुकूनही येऊ देऊ नका.

"गुन्हा" आणि "गुन्हेगार" हे शब्दही टाळा. समिती म्हणजे फौजदारी न्यायालय नाही. दोन्ही बाजूंचा पुरावा तोलून जे घडल्याची शक्यता जास्त दिसते त्यावर ती निष्कर्ष काढते. योग्य शब्द "गैरवर्तन" आहे.

कारणं किती लिहायची? पूर्ण अहवाल सोबत जोडलेला असल्याने पत्रात प्रत्येक मुद्द्याला दोन-तीन वाक्यं पुरतात. पण ती वाक्यं पुराव्याकडे बोट दाखवणारी हवीत. आपल्या प्रकरणात ती अशी येतील:

"मुद्दा १ (रात्रीच्या वेळी व्हॉट्सअॅपवर वारंवार संदेश पाठवणे): सिद्ध. तक्रारदार कर्मचाऱ्याने संदेश पाठवू नयेत असे कळवल्यानंतरही आपल्या क्रमांकावरून संदेश गेल्याचे समितीने दोघांच्याही फोनमधील नोंदींवरून पाहिले. संदेश आपण पाठवल्याचे आपण जबाबात मान्य केले. ते कामासंबंधी होते हे आपले म्हणणे मजकूर पाहून समितीने स्वीकारले नाही (अहवाल, पृष्ठ ९ ते ११).

मुद्दा २ (पॅकिंग विभागात शेरेबाजी): सिद्ध. दोन साक्षीदारांचे जबाब एकमेकांशी जुळतात (पृष्ठ १२ ते १४).

मुद्दा ३ (गोदामात हात धरणे): सिद्ध झाला नाही. या घटनेला स्वतंत्र पुरावा उपलब्ध झाला नाही (पृष्ठ १५)."

पहिल्या मुद्द्यात त्याचं म्हणणं काय होतं आणि ते का स्वीकारलं नाही, हे दोन्ही आलं आहे. वाचताना माणूस हेच शोधतो: माझं ऐकलं का? उत्तर पत्रात सापडलं नाही तर तो निकाल कधीच मान्य करत नाही, आणि मला वाटतं त्यात त्याची चूकही नसते.

साक्षीदारांची नावं पत्रात नकोत, तक्रारदार महिलेचंही नको. त्याला ती ठाऊक आहेत, पण पत्र टाइप करणारा, जावक नोंदवणारा आणि पोहोचवणारा यांना ठाऊक असायचं कारण नाही. "तक्रारदार कर्मचारी" एवढं पुरतं.

कारवाई लिहिताना

पहिला प्रश्न असा की शिक्षा कुठून आली? कर्मचाऱ्याला सेवानियम लागू असतील तर शिक्षा त्या नियमांप्रमाणेच द्यायची. नसतील तर पॉश नियमांतला ९ वा नियम लागतो. त्यात लेखी माफी, ताकीद, समज किंवा ठपका, बढती रोखणं, पगारवाढ किंवा वेतनवाढ रोखणं, सेवेतून कमी करणं, समुपदेशन आणि समाजसेवा हे पर्याय आहेत. आपल्या कारखान्यात पर्यवेक्षकांसाठी वेगळे सेवानियम नाहीत, म्हणून आपण नियम ९ धरतो. शिक्षेच्या शेजारी तिचा आधार लिहा.

समितीने शिफारस केली आहे ती अशी: एक वेतनवाढ रोखावी, समुपदेशन, लेखी माफी, आणि तक्रारदार महिलेला तीस हजार रुपये भरपाई.

"एक वेतनवाढ रोखण्यात येत आहे" एवढंच लिहिलंत तर पगार काढणारा गोंधळेल, कारण याचे दोन अर्थ होतात. समजा त्याची वेतनवाढ १ जुलैला आहे आणि ती महिना ९०० रुपयांची आहे. "पुढील वेतनवाढींवर परिणाम न करता एक वर्षासाठी" असं लिहिलं, तर बारा महिन्यांत त्याचे १०,८०० रुपये जातात, आणि पुढच्या १ जुलैला थांबलेली आणि नवी अशा दोन्ही वाढी त्याला मिळतात. "पुढील वेतनवाढींवर परिणाम करून" असं लिहिलं, तर ते ९०० रुपये तो नोकरीत असेपर्यंत दर महिन्याला कमीच राहतात. वीस वर्षं नोकरी उरली असेल तर ही रक्कम दोन लाखांच्या पुढे जाते. समितीच्या मनात कोणता अर्थ होता ते अहवालात स्पष्ट नसेल तर तिच्याकडून लेखी स्पष्ट करून घ्या. स्वतःच्या मनाने ठरवू नका.

भरपाईबाबत रक्कम, हप्ते आणि कोणत्या महिन्याच्या पगारापासून हे तिन्ही लिहा. भरपाई ठरवताना त्याची मिळकत आणि आर्थिक स्थिती पाहायची, आणि रक्कम एकदम द्यायची की हप्त्याने हेही पाहायचं, असं कलम १५ सांगतं. आपल्या पर्यवेक्षकाच्या पगारातून पतसंस्थेच्या कर्जाचा हप्ता आधीच जातो. म्हणून "मेच्या पगारापासून ऑक्टोबरच्या पगारापर्यंत दरमहा ५,००० रुपये, एकूण सहा हप्ते" असं लिहायचं.

लेखी माफी ही सगळ्यांत अवघड शिक्षा आहे असं माझं मत आहे. अपील करायच्या विचारात असलेल्या माणसाकडून आठ दिवसांत माफी लिहून घेतली, तर उद्या तोच कागद त्याच्याविरुद्ध कबुली म्हणून उभा राहतो. दुसरीकडे मालकांची साठ दिवसांची मुदतही पाळायची आहे. मी सुचवते की माफीला पुरेसा अवधी द्या (आपल्याकडे २० मे ही तारीख ठेवता येईल), ती समितीच्या अध्यक्षांकडे बंद पाकिटात द्यायला सांगा, आणि तक्रारदार महिलेसमोर उभं करून माफी मागायला लावू नका. तसं समोर येणं अनेकींना नको असतं.

आणखी एक मोह टाळा. मालक म्हणतात, "याच्या उशिरा येण्याचे जुने मेमोही टाका पत्रात, म्हणजे वजन वाढेल." ते टाकू नका. जुनी वर्तणूक शिक्षेचा आधार करायची असेल तर त्याला ती आधी कळवून उत्तराची संधी द्यावी लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्येच के. मंचेगौडा प्रकरणात सरकारी नोकराच्या बाबतीत ठरवलं. खाजगी कारखान्यातही तेच धोरण शहाणपणाचं.

अपिलाचा परिच्छेद

हा परिच्छेद पत्राच्या शेवटी, पण सहीच्या वर हवा. तळटीप म्हणून बारीक अक्षरात नको. सेवानियम असतील तर त्यांत सांगितलेल्या न्यायालयाकडे किंवा न्यायाधिकरणाकडे अपील जातं. नसतील तर पॉश नियमांतला ११ वा नियम लागतो. तो १९४६ च्या औद्योगिक सेवायोजन (स्थायी आदेश) कायद्याखालच्या अपिलीय प्राधिकाऱ्याकडे पाठवतो, आणि महाराष्ट्रात ही अपिलं औद्योगिक न्यायालयापुढे चालत आली आहेत. त्या कायद्याची जागा आता औद्योगिक संबंध संहिता, २०२० ने घेतली आहे. म्हणून जुन्या पत्रातून मंचाचं नाव उतरवून घेऊ नका. पत्र काढायच्या आठवड्यात कामगार कायद्याच्या वकिलाकडून नाव आणि पत्ता पक्का करून घ्या. चुकीचा मंच लिहिलात तर त्याचे मोजके दिवस चुकीच्या दारात जातील आणि त्याला कारण तुमचं पत्र असेल.

मजकूर असा ठेवता येईल:

"समितीच्या शिफारशी किंवा त्यांवरील ही कारवाई आपणास मान्य नसल्यास, अधिनियमाच्या कलम १८ अन्वये आपणास अपील करण्याचा हक्क आहे. समितीच्या शिफारशींची तारीख २७ मार्च असून अपील २५ जूनपर्यंत दाखल करावे. अपील करावयाचे ठिकाण: (मंचाचे नाव व पत्ता). अपील दाखल केल्याने ही कारवाई आपोआप स्थगित होत नाही. स्थगिती हवी असल्यास ती त्याच ठिकाणी मागावी लागेल. अपील केल्याबद्दल आपणाविरुद्ध कोणतीही प्रतिकूल कारवाई केली जाणार नाही."

तक्रारदार महिलेलाही अपिलाचा हक्क आहे, शिफारशी अमलात आणल्या नाहीत तरीसुद्धा. तिला वेगळं पत्र त्याच दिवशी द्या.

याच पत्रात गोपनीयतेचं कलम १६ दोन वाक्यांत लिहा: तक्रारीचा मजकूर, संबंधितांची ओळख, चौकशीची कार्यवाही आणि शिफारशी त्याने कुणाला उघड करायच्या नाहीत. वकिलाशी बोलायला आणि अपिलासाठी कागद वापरायला हरकत नाही हेही सांगा, नाहीतर घाबरून तो वकिलाकडेही जात नाही.

पत्र हातात देताना

सोलापुरात भाषेचा मुद्दा खरा आहे. कारखान्यात घरी तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारे पुष्कळ जण असतात. मराठी बोलतात म्हणून कायदेशीर मराठी वाचून समजतंच असं नाही, आणि काही ठिकाणी अहवाल इंग्रजीत असतो. तो कोणती भाषा वाचतो ते विचारा, गरज असेल तर त्या भाषेतली प्रत जोडा. पत्र देताना समजावून सांगायचं असेल तर दुभाष्या म्हणून त्याच्या विभागातला सहकारी घेऊ नका. गोपनीयता तिथेच संपते.

पत्र बंद दालनात, कामाची पाळी संपताना द्या. पोचेवर "पत्र व अहवालाची प्रत (पृष्ठे २२) मिळाली" असं लिहून तारीख, वेळ आणि सही घ्या. पोच म्हणजे मजकूर मान्य असा अर्थ नाही, हे त्याला तोंडी सांगा. पुष्कळ जण त्या भीतीनेच सही नाकारतात. तरीही नाकारली तर समितीच्याच दोन सदस्यांसमोर तशी नोंद करा आणि त्याच दिवशी त्याच्या नोंदलेल्या पत्त्यावर पोहोच मिळेल अशा स्पीड पोस्टाने पाठवा. पाकीट परत आलं तर न उघडता फाइलला लावा.

प्रती कोणाला, हा शेवटचा आणि सर्वांत जास्त चुकणारा मुद्दा. सवयीने आपण खाली लिहितो: "प्रत: विभागप्रमुख, वेतन शाखा, सुरक्षा अधिकारी." या पत्राला एकही प्रत नको. वेतन शाखेला स्वतंत्र अर्ध्या पानाची टिप्पणी द्या: अमुक कर्मचाऱ्याची १ जुलैची वेतनवाढ एक वर्ष रोखावी, मेपासून दरमहा ५,००० रुपये वसूल करून कार्मिक विभागाकडे जमा करावेत. कारण लिहू नका. पगारपत्रकात त्या ओळीचं नाव "इतर वसुली" ठेवा. एका कारखान्यात पगाराच्या चिठ्ठीवर "पॉश भरपाई" असं छापलं गेलं आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या पाळीला ती महिला कोण हे कळलं. तिने पुढच्याच महिन्यात नोकरी सोडली.

जावक रजिस्टरमध्येही विषयाच्या रकान्यात "गोपनीय, कार्मिक" एवढंच लिहा, आणि पत्राची स्थळप्रत पोचेसकट समितीच्या कुलूपबंद फाइलमध्ये ठेवा, वैयक्तिक सेवापुस्तकात नाही. सेवापुस्तकात फक्त शिक्षेची नोंद आणि आदेशाचा क्रमांक जातो. २५ जून उलटल्यावर अपील दाखल झालं का याची चौकशी करून तीही तारीख फाइलवर टाका, कारण १ जुलैची वेतनवाढ रोखायची की स्थगिती आली आहे, हे वेतन शाखा तुम्हालाच विचारणार आहे.